सगळी भिंत भरू नका, 11 फुटांवर थांबा

प्रश्न: नागपूरजवळ बेसाला डुप्लेक्स घेतलंय. हॉल डबल हाइटचा आहे. सोफ्यामागची भिंत 14 फूट रुंद, 20 फूट उंच आणि पूर्ण कोरी. हौसेने सहा फ्रेम आणून लावल्या, तर पाकिटावर तिकिटं चिकटवल्यासारख्या दिसतात. इंटिरिअरवाला म्हणतो वरपर्यंत दगडाचं क्लॅडिंग करू. सासूबाई म्हणतात उभ्या पट्ट्या लावा. पुट्टी-रंग अजून बाकी आहे. काय करावं?

उत्तर:

ताई, पुट्टी बाकी आहे हे फार बरं झालं. आत्ता जे काम दोन दिवसांत होईल, त्याच्यासाठी रंग झाल्यावर पुन्हा परांची बांधावी लागते.

आधी एक छोटा हिशेब करा. भिंतीसमोरच्या खुर्चीवर बसा. तुमच्या हॉलमध्ये ती साधारण 12 फुटांवर असेल असं धरतो. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर असतात. मान न वाकवता आपण फार तर 30 अंश वर बघतो. 12 फुटांवर 30 अंश म्हणजे डोळ्यांच्या वर सुमारे 7 फूट. चार आणि सात अकरा. थोडक्यात, बसलेल्या पाहुण्यासाठी तुमची भिंत 11 फुटांचीच आहे. त्याच्या वर लावलेलं काहीही बघायला मान वर करावी लागते, आणि ती आपण फक्त पाल दिसली तरच करतो.

म्हणून 20 फूट भरायचे नाहीत. 10-11 फुटांवर नजर थांबेल असं काही करायचं आणि वरचा भाग मुद्दाम शांत ठेवायचा. उभ्या पट्ट्यांचं गणित इथेच चुकतं. उभ्या रेघा नजरेला सरळ छतापर्यंत नेतात, म्हणजे आधीच उंच वाटणारी भिंत आणखी उंच वाटते. आठ फुटी खोलीत त्या शोभतात, इथे नाही. सासूबाईंना हे मी सांगितलं म्हणून सांगा, तुम्ही मध्ये पडू नका.

क्लॅडिंगचा विचार करण्याआधी वजन बघा. 14 गुणिले 20 म्हणजे 280 चौरस फूट. 20 मिलिमीटर जाडीचा सँडस्टोन घेतला तर एकूण भार 1200 किलोच्या आसपास जातो, चिकटवायचा मसाला वेगळा. एवढ्या उंचीवर दगड नुसत्या मसाल्यावर सोडू नये, मागून स्टीलच्या क्लॅम्पने धरावा लागतो. कंत्राटदार हे बहुधा कोटेशनमध्ये धरत नाही. शिवाय आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहेच. दगडाच्या प्रत्येक कंगोऱ्यावर ती बसणार आणि 15 फुटांवरची पुसायला कोणी चढणार नाही.

हे मी शहाणपणाने बोलत नाही, आधी हात पोळलेत. माझ्या स्वतःच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा अकरा फ्रेम लावल्या, पार 16 फुटांपर्यंत. पहिल्याच उन्हाळ्यात वरच्या दोन खाली आल्या, कारण सुताराने त्या दुहेरी चिकटपट्टीवर लावल्या होत्या. मे महिन्यात वरची गरम हवा छताशी साचते. त्या उष्णतेत तसला गोंद मऊ पडतो. उरलेल्यांमधले कागदी प्रिंट कूलरच्या ओलाव्याने लाटांसारखे फुगले. आता त्या फ्रेम जिन्याच्या भिंतीवर आहेत, जिथे माणूस तीन फुटांवरून जातो, आणि छान दिसतात. तुमच्या सहांचंही तेच करा. फ्रेम वाईट नाहीत, त्यांची जागा चुकली.

आता भिंतीकडे या. डबल हाइटच्या भिंतीत पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या उंचीला बहुतेक वेळा काँक्रीटचा बीम आडवा गेलेला असतो, म्हणजे सुमारे 9 ते साडेदहा फुटांच्या पट्ट्यात. तुमचा नक्की कुठे आहे ते स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये बघा किंवा बिल्डरच्या साइट इंजिनिअरला विचारा. बीम आणि खालची-वरची विटांची भिंत उन्हात सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे त्या सांध्यावर केसासारखी आडवी चीर येते. भिंत पश्चिमेची असेल तर हमखास. प्लास्टर करताना सांध्यावर कोंबडीजाळी मारली नसेल तर पुट्टीने चीर बुजते, पण पुढच्या उन्हाळ्यात परत दिसते.

आत्ता चीर दिसत असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. ती वाढतेय की तशीच आहे, हे महिना-दोन महिन्यांत कळेल. वाढत नसेल तर ती व्ही आकारात थोडी उघडा, लवचिक ॲक्रिलिक फिलर भरा, वर जाळीची टेप लावा आणि मगच पुट्टी करा. वाढत असेल, तिरकी असेल किंवा नाणं आत जाईल इतकी रुंद असेल, तर सजावट बाजूला ठेवून इंजिनिअर बोलवा.

हाच बीमचा पट्टा तुमच्या कामाचा आहे, कारण तो जवळपास 11 फुटांच्या रेषेवरच येतो. तिथपर्यंत खालचा भाग थोड्या गडद, मातकट रंगाचा करा आणि वरचा भाग छताच्याच रंगाचा. मात्र दोन्ही रंग शेड कार्डाच्या एकाच पट्टीतले, दोन घरांच्या अंतराचे घ्या. जास्त फरक केला की जुन्या सरकारी दवाखान्याचा ऑइलपेंटचा पट्टा आठवतो. रेषेवर लाकडी मोल्डिंग लावायचा मोह होईल, पण त्यावर धूळ बसते. मास्किंग टेप लावून काढलेली स्वच्छ रेघ पुरते.

या खालच्या भागात एकच मोठी गोष्ट लावा. तिचं माप सोफ्यावरून काढायचं. सोफा 7 फुटांचा धरला तर वस्तूची रुंदी त्याच्या दोनतृतीयांशाच्या आसपास, म्हणजे पावणेपाच-पाच फूट. सोफ्याची पाठ साधारण पावणेतीन फुटांवर संपते. तिच्यावर 9 इंच मोकळे सोडा, म्हणजे वस्तू साडेतीन फुटांवर सुरू होऊन साडेदहा फुटांवर संपेल. 5 बाय 7 फूट.

काही विकत घ्यायच्या आधी घरातली सिंगल सोलापुरी चादर काढा. तिचं माप जवळपास हेच असतं, जास्तीची मागे दुमडा. वरच्या कडेला लाकडी पट्टी बांधून ती जागेवर टांगा आणि चार दिवस राहू द्या. दारातून, समोरच्या खुर्चीवरून आणि वरच्या पॅसेजच्या कठड्यावरून फोटो काढा. ते मोबाइलमध्ये कृष्णधवल करून बघा, कारण रंग आवडला की माप चुकलेलं कळत नाही. कठड्यावरून वरची रिकामी भिंत समोर येते, ती तुम्हाला बोचते का तेही बघा. बहुतेकांना बोचत नाही. सहा फ्रेम मोकळ्या भिंतीवर हरवतात, पण एका चादरीने भिंत ताब्यात येते, हे स्वतः बघितल्याशिवाय पटत नाही.

चादरीच्या जागी काय लावायचं? माझ्या भाच्याच्या मनीषनगरच्या घरी, जवळपास अशाच भिंतीवर, आम्ही करवतकाठी टसर लावली. भंडाऱ्याकडे मोहाडी-आंधळगावला ती विणतात. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते आणि मधलं टसर मधाच्या रंगाचं. आमच्या साडीचा पन्हा 46 इंच भरला. मागे 60 इंच रुंद जाड खादी ताणली आणि साडी बरोबर मध्ये ठेवली, की दोन्ही बाजूंना 7-7 इंच खादी उरते. काठ उभे, पदर खाली. पातळ लाकडी चौकटीवर खादी स्टेपल केली, साडी मात्र हाताने टाके घालून खादीवर शिवली. गोंद लावू नका, टसरवर डाग उमटतो आणि पुढे साडी काढताही येत नाही. कापडाचा दुसरा फायदा आवाजाचा. डबल हाइटच्या हॉलमध्ये टाळी वाजवून बघा, मागे रेंगाळते. कापड लावल्यावर ते थोडं कमी झालं, पूर्ण गेलं नाही. पडदे आणि गालिचा आल्यावर आणखी फरक पडतो.

मर्यादा एकच, ऊन. उंच खिडकीतून दुपारी तीन ते सहा या वेळात भिंतीवर ऊन नेमकं कुठे पडतं ते बघा आणि खडूने खूण करा. सूर्य वर्षभर जागा बदलतो, म्हणून आत्ता न पडणारं ऊन मे महिन्यात पडेल का, याचा अंदाज शेजारच्या त्याच मांडणीच्या घरी विचारून घ्या. त्या तुकड्यात रेशीम ठेवलं तर रंग उडतो आणि धागा कुजतो. तसं असेल तर रेशमाऐवजी लाकूड किंवा भाजलेल्या मातीच्या टाइल्सचा पॅनेल करा, माप तेच.

टांगण्यासाठी चौकटीच्या मागे आणि भिंतीवर एकेक लाकडी पट्टी, दोन्ही 45 अंशात कापलेल्या, म्हणजे चौकट वरून अडकते आणि उचलली की निघते. आमचं वजन 12 किलोच्या आत होतं. भिंतीवरची पट्टी बीमच्या उंचीला येत असेल तर उत्तम पकड मिळते, पण हॅमर ड्रिल लागेल. मध्येच ड्रिल थटलं आणि पुढे जाईना, तर आत सळई आहे. जोर न करता इंचभर बाजूला सरका.

दिव्यांचं थोडक्यात. छतावरून या भिंतीवर फोकस मारू नका. प्रकाश भिंतीला घासून खाली येतो आणि पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दाखवतो, शिवाय दिवा गेला की 20 फुटांची शिडी. त्यापेक्षा पॅनेलच्या दोन्ही बाजूंना साडेसहा फुटांवर एकेक भिंतीचा दिवा घ्या, 3000 केल्विनचा. त्यांचे पाइप पुट्टीच्या आधी भिंतीत जायला हवेत, म्हणजे याच आठवड्यात. रंगाच्या आदल्या रात्री हॉलचे दिवे बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून धरा. जिथे सावली पडेल तिथे पेंटरला परत घासायला लावा. तो कुरकुरेल.

जमल्यास भिंतीच्या कोपऱ्यात खाली एक छोटं छिद्र पाडून भुगा बघा. लाल असेल तर पक्की वीट, राखाडी असेल तर बहुधा राखेची वीट. दोन्हींत साधा 8 मिलिमीटरचा रॉल प्लग चालतो. पांढरट पीठ आलं आणि ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं गेलं, तर ते हलके एएसी ब्लॉक आहेत. तसं असेल आणि पट्टी बीमवर येत नसेल, तर साधे प्लग घेऊ नका, त्या ब्लॉकसाठीचे वेगळे मिळतात ते मागा.