शिखर सरकले की शेपूट फुटले, हे आधी पाहा

प्रश्न: सिलिकॉन डिटेक्टरवर अमेरिशियम-२४१ चे शिखर रुंद येते आणि डाव्या बाजूला लांब शेपूट दिसते. स्रोत जाड असल्यामुळे असे होते की निर्वात कमी पडल्यामुळे?

उत्तर: तुम्ही वर्णन केलेली शेपूट मला स्रोताची वाटते, कारण निर्वात अपुरा असेल तर वर्णपट वेगळ्या तऱ्हेने बिघडतो.

हवेत ५.५ एमईव्हीचा अल्फा कण जेमतेम चार सेंटीमीटर जातो, आणि सुरुवातीच्या टप्प्यात दर मिलिमीटरला सुमारे ९० केईव्ही ऊर्जा गमावतो. त्यामुळे कक्षात हवा उरली तर सगळ्याच कणांकडून जवळपास सारखी ऊर्जा वसूल होते आणि अख्खे शिखर डावीकडे सरकते. ते थोडे पसरतेही, कारण प्रत्येक कणाच्या टकरी नेमक्या सारख्या नसतात आणि तिरप्या कणाला जास्त हवा ओलांडावी लागते. मात्र दाब एक मिलिबारपर्यंत उतरवला की हे नुकसान सेंटीमीटरला एक केईव्हीच्या आसपास येते. चांगल्या डिटेक्टरची स्वतःची रुंदीच १५ ते २० केईव्ही असते, म्हणून साधा रोटरी पंप पुरतो.

स्रोताचे गणित निराळे आहे. द्रावणाचा थेंब चकतीवर दिव्याखाली वाळवला, तर क्षार कडेला वर्तुळ करून साचतात. समजा त्या थराची जाडी दर चौरस सेंटीमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. पृष्ठभागावरचा अणू पूर्ण ५.४८६ एमईव्हीने कण सोडतो, तर तळाच्या अणूचा सरळ वर येणारा कण साधारण ६० केईव्ही गमावून बाहेर पडतो, आणि ६० अंशांनी तिरपा निघालेला त्याच्या दुप्पट. म्हणून शिखराची उजवी कड जागेवर टिकते आणि डावीकडे शेपूट वाढते. अमेरिशियमची ५.४४३ एमईव्हीची दुय्यम रेषा मुख्य रेषेपासून केवळ ४३ केईव्ही दूर आणि सुमारे १३ टक्के तीव्रतेची आहे. ती वेगळी न दिसता शेपटीत बुडाली असेल, तर थर जाड आहे असे खुशाल समजावे.

खात्रीसाठी त्याच कक्षात, त्याच दाबाला एखादा प्रमाणित पातळ स्रोत मोजा. तो अणकुचीदार आला, तर पंपाला दोष देऊ नका. तुमचा स्रोत डिटेक्टरपासून थोडा दूर नेऊनही पाहा: तिरपे कण वगळले जाऊन शेपूट आखडते, अर्थात मोजणीचा वेग घटतो. खरा उपाय म्हणजे पोलादी चकतीवर विद्युत निक्षेपण करणे. त्याआधी रासायनिक विलगीकरणाने लोह आणि इतर वाहक क्षार काढून टाकावेत, नाहीतर तेही चकतीवर बसून थर जाड करतात.

डिटेक्टरला व्होल्टेज मात्र कक्ष बंद करून दाब पुरेसा उतरल्यावरच द्यावे, कारण सिलिकॉनला प्रकाश चालत नाही आणि मधल्या दाबाला विद्युत विसर्जनाचा धोका असतो.

इतके करूनही प्लुटोनियम-२३९ आणि २४० वेगळे दिसणार नाहीत. त्यांच्या मुख्य रेषांत अंतरच सुमारे ११ केईव्ही आहे, म्हणून अहवालात त्यांची बेरीज एकत्र लिहितात.