सप्टेंबरातल्या जागरणाचा हिशोब

ताई,
मी लातूरला एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप करते. पहिलंच वर्ष आहे. सप्टेंबर लागल्यापासून टॅक्स ऑडिटच्या कामासाठी सकाळी साडेनऊला जाते आणि निघायला रात्रीचे साडेबारा होतात. महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरी नव्हते, मुक्तिसंग्राम दिनालाही ऑफिस चालू होतं. सीनियर दादा दिवसभर काही बघत नाहीत, रात्री आठला फाइल उघडतात आणि चुका काढतात. एका डाळमिलच्या रोख खरेदीवर तीन रात्री गेल्या, तर शेवटी म्हणाले, 'सगळे शेतकरीच धर अन् संपव.' आई म्हणते सोडून दे. सोडलं तर वर्ष वाया जाईल. काय करू?
— एक आर्टिकल

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य दादांचं आहे. तुझं जागरण आणि तुझी खरी अडचण, दोन्ही त्यात सापडतात, म्हणून आधी डाळमिलच घेऊ.

एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च आयकरात मंजूर होत नाही. ट्रकभाड्याला ही मर्यादा ३५,००० आहे. शेतमाल थेट शेतकऱ्याकडून घेतला असेल, तर आयकराच्या नियम ६डीडीप्रमाणे सूट मिळते. गावोगाव फिरून तूर गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र ती सूट नाही. टॅक्स ऑडिट अहवालासोबतच्या फॉर्म ३सीडीच्या कलम २१ मध्ये हेच द्यायचं असतं. म्हणजे 'शेतकरीच धर' याचा अर्थ 'तपासू नको' असा होतो.

तपासायला तीन रात्री लागत नाहीत. टॅलीतून रोखवही एक्सेलमध्ये काढ आणि नाव व तारीख धरून बेरीज लाव. एकेक नोंद बघत बसलीस तर फसशील, कारण बारदानवाल्याला सकाळी ९,००० आणि संध्याकाळी ८,००० दिलेले असतात. दोन्ही नोंदी मर्यादेच्या आत दिसतात, पण दिवसाचे १७,००० होतात आणि मग पूर्ण १७,००० नामंजूर होतात, फक्त वरचे ७,००० नाही. बेरजेनंतर जी नावं मर्यादेच्या वर उरतील त्यांचे तीन गट कर: शेतकरी, ट्रकवाले आणि बाकीचे.

आता शेतकरी कोण हे ओळखायचं. आपल्याकडे तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते. त्या दिवसांत एखाद्याला एकदा-दोनदा पैसे गेले असतील आणि सोबत काटापट्टी असेल, तर फार प्रश्न नाही. पण तेच नाव जून, जुलै आणि ऑगस्टमध्येही दिसलं, प्रत्येक वेळी ६०,००० रोख, तर तिथे थांब. एखादा शेतकरी भाव वाढेल म्हणून माल राखून ठेवतो हे खरं, पण महिन्याला ठरल्यासारखा माल आणणारा बहुतेक वेळा खेडा खरेदीवाला निघतो. तसं निघालं तर १,८०,००० रुपये मिलच्या फर्मच्या उत्पन्नात वाढतात आणि ३० टक्के कर व त्यावरचा ४ टक्के सेस धरून ५६,१६० रुपये जादा भरावे लागतात. नंतर नोटीस आली तर व्याज वेगळं. मालकाला हे आज सांगितलं तर तो चिडेल, पण दोन वर्षांनी नोटिशीतून कळलं तर तुमच्या ऑफिसला कधीच माफ करणार नाही.

मग रात्री कुठे गेल्या? प्रश्न रात्री नऊला निघतो, मिलचा मुनीम दुसऱ्या दिवशी सौदे आटपल्यावर दुपारी उत्तर देतो आणि दादा ते रात्री आठला बघतात. त्यातून नवा प्रश्न निघाला की पुन्हा एक रात्र जाते. काम दोन-तीन तासांचंच असतं, वाट बघणं तीन दिवसांचं होतं. आणि वाट बघताना उठून जाता येत नाही, म्हणून आपण खुर्चीवर बसूनच थकतो. या धंद्यातल्या निम्म्या जागरणांचं कारण हेच आहे, असं माझं मत आहे. सीनियर मंडळींना ते पटत नाही, कारण त्यांनीही असंच बसून काढलेलं असतं.

म्हणून एका फाइलचे सगळे प्रश्न एकाच कागदावर घे: नाव, तारीख, रक्कम आणि नेमकं काय हवंय. सकाळी अकराच्या आत तो मुनिमाला पाठव आणि त्याच्या सवडीची वेळ विचारून तेव्हा फोन कर. दुपारी चारला दादांकडे पूर्ण फाइल नेऊ नकोस, ते 'नंतर' म्हणतील. फक्त अडलेल्या तीन गोष्टी ने आणि म्हण, 'दादा, दहा मिनिटं द्या, मग ही आज बंद होते.' सगळ्या दिवशी जमणार नाही. २५ तारखेनंतर तर पोर्टल अडकतं, कुणाच्या डिजिटल सहीची मुदत संपलेली असते, तेव्हाच्या रात्री टळत नाहीत. मुदतवाढीच्या आशेवरही राहू नकोस. २०२५ मध्ये टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची तारीख ३१ ऑक्टोबर आणि पुढे १० नोव्हेंबर झाली. काम तेवढंच राहिलं, जागरण मात्र दिवाळीच्याही पलीकडे गेलं.

'शेतकरीच धर' पुन्हा ऐकलंस तर वाद घालू नको. वर्किंग पेपरवर लिही: 'काटापट्टी नाही, विक्रेता शेतकरी असल्याचा पुरावा मिळाला नाही' आणि तारीख टाकून खाली तुझी आद्याक्षरं. अहवालावर सही आणि यूडीआयएन हा ओळख क्रमांक तुझ्या सीए सरांचा असतो, त्यामुळे अशा नोंदी सरांपर्यंत जायलाच हव्यात. दादांना सांगूनच दे, पाठीमागून नको.

तासांचं बोलणं मात्र सरांशीच कर. तुझा करार त्यांच्याशी आहे, दादांशी नाही. सीएंची संस्था आयसीएआय, तिच्या नियमात आर्टिकलचे किमान तास आठवड्याला ३५ आहेत. तुझे दिवसाला पंधरा, सहा दिवसांचे नव्वद होतात. हे तोंडावर फेकायचं नाही, पण आकडा लिहून ने. तीन दिवस वहीत नोंद कर, किती वेळ काम केलं आणि किती वेळ नुसतं थांबलीस. सर हिशोबाची माणसं, तक्रारीपेक्षा तक्त्याशी लवकर बोलतात. आणि मागणी नेमकी ठेव: रोज चार वाजता रिव्ह्यू, २५ तारखेपर्यंत रात्री नऊला सुट्टी, त्यानंतर उशीर झाला तर ऑफिसच्या खर्चाने घरापर्यंत ओळखीची रिक्षा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सलग तीन दिवस रजा. रिक्षा आणि रजा यांवर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. चारच्या रिव्ह्यूवर दादा कुरकुरतील.

आईला सांग, सोडायचा निर्णय सप्टेंबरात घ्यायचा नाही. तसंही सोडणं हा एकच रस्ता नाही. दुसऱ्या फर्ममध्ये बदली घेता येते आणि इथे केलेला काळ मोजला जातो, पण त्याला सरांची संमती लागते, म्हणून भांडून निघू नकोस. दादा शिवीगाळ करत असतील किंवा रात्री एकटीला थांबवून घेत असतील, तर हे सगळं थांबवून आजच सरांकडे जा, आईला सोबत घेऊन गेलीस तरी चालेल. तसं काही पत्रात दिसत नाही, पण तू लिहिलं नसशील म्हणून विचारते.