लिस्टेड कंपन्यांचा बीटा तसाच उचलू नका

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. आता कोरुगेटेड बॉक्सचं युनिट टाकायचं म्हणतोय, पण या लाइनमधलं काहीच माहीत नाही. एनपीव्ही काढायला डिस्काउंट रेट कुठला धरू? सीए म्हणतात पॅकेजिंगच्या लिस्टेड कंपन्यांचा बीटा घ्या. तसाच घ्यायचा का?

उत्तर:

तसाच नको. बीटा म्हणजे बाजार हलला की शेअर किती हलतो त्याचा आकडा. तो पॅकेजिंगचाच घ्यायचा हे सीएंचं म्हणणं बरोबर आहे, कारण तुमचं कास्टिंग चालतं ट्रॅक्टर-ट्रकच्या मागणीवर आणि बॉक्स चालतात साबण-बिस्किटांच्या खपावर. फाउंड्रीचा रेट इथं लावून उपयोग नाही. पण शेअरच्या बीटात दोन जोखमी मिसळलेल्या असतात, एक धंद्याची आणि दुसरी त्या कंपनीने काढलेल्या कर्जाची. तुम्हाला त्यातली पहिलीच हवी आहे. कर्ज तुमचं तुम्ही वेगळं काढणार.

म्हणून आधी प्रत्येक कंपनीच्या बीटातून तिचं कर्ज उतरवायचं, म्हणजे अनलिव्हर करायचं. एक्सेलमध्ये B2 ला बीटा आणि C2 ला डेट-इक्विटी रेशो ठेवा, कर २५ टक्के धरा:

```
=B2/(1+(1-0.25)*C2)
```

समजण्यापुरते आकडे घेतो, खऱ्या कंपन्यांचे नाहीत. तीन कंपन्यांचे बीटा १.३०, १.०५ आणि ०.९५; त्यांचे डेट-इक्विटी रेशो अनुक्रमे ०.८, ०.३ आणि ०.१. वरवर पाहता पहिली कंपनी फार जोखमीची वाटते. अनलिव्हर केल्यावर आकडे येतात ०.८१, ०.८६ आणि ०.८८. म्हणजे धंदा तिघांचा जवळपास सारखाच, फरक होता तो कर्जाचा. हे आकडे असे जवळ आले तर कंपन्या नीट निवडल्यात असं समजा. एखादा फारच लांब गेला तर त्या कंपनीचा दुसरा काही धंदा आहे का, शेअरमध्ये रोज व्यवहार तरी होतात का, ते तपासा. व्यवहारच होत नसतील तर बीटा खोटाच कमी दिसतो.

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो तो रेशोमध्ये. वेबसाइटवर तयार मिळणारा डेट-इक्विटी रेशो बहुतेक वेळा ताळेबंदातल्या नेटवर्थवर काढलेला असतो. आपल्याला इक्विटी हवी बाजारभावाने, म्हणजे मार्केट कॅप. समजा कर्ज ४०० कोटी, नेटवर्थही ४०० कोटी आणि मार्केट कॅप १,६०० कोटी. वेबसाइट १ दाखवेल, खरा रेशो ०.२५. बीटा १.०५ असेल तर पहिल्या रेशोने अनलिव्हर होऊन ०.६० येतो, दुसऱ्याने ०.८८. एवढ्या फरकात प्रोजेक्टचा निकाल बदलतो.

आता तिघांची सरासरी ०.८५ धरून उलटं करा, तुमचं कर्ज त्यावर चढवा, म्हणजे रिलिव्हर करा. निम्मं कर्ज, निम्मं भांडवल असेल तर रेशो १:

```
=0.85*(1+(1-0.25)*1)
```

उत्तर १.४९. इथला कर मात्र तुमचा स्वतःचा हवा. कमी कराचा पर्याय घेतलेल्या कंपनीला तो २५.१७ टक्के पडतो, पण तुमची भागीदारी फर्म असेल तर ३० च्या वर जाईल.

सरकारी रोख्याचा दर ७ टक्के आणि बाजाराचा जादा परतावा ७ टक्के धरला तर इक्विटीचा खर्च ७ + १.४९ × ७, म्हणजे १७.४ टक्के. कर्ज १०.५ टक्क्यांनी, कर वजा जाता ७.९. दोन्हींची सरासरी साधारण १२.६ टक्के, हा तुमचा डिस्काउंट रेट.

तीन बीटांची नुसती सरासरी १.१० घेतली असती तर हाच रेट ११.३ आला असता. १० कोटींची गुंतवणूक आणि दहा वर्षं दरसाल १.७५ कोटी रोकड धरून बघा. ११.३ ला एनपीव्ही सुमारे १८ लाखांनी प्लस, १२.६ ला सुमारे ३५ लाखांनी मायनस. बँकेचे कागद दोन्हीकडे तेच.

एक राहिलं. बँक सुरुवातीला ७० टक्के टर्म लोन देईलही, पण म्हणून रेशो २.३ धरून रिलिव्हर करू नका. ते लोन काही वर्षांत फिटत जाणार, म्हणून प्रोजेक्टच्या आयुष्यात सरासरी किती कर्ज राहील तो रेशो घ्या. शिवाय या सूत्रात कर्ज देणाऱ्याला बाजाराची काहीच जोखीम नाही असं गृहीत आहे. कर्ज इक्विटीच्या दीड-दोन पट झालं की ते खरं राहत नाही आणि सूत्र बीटा वाजवीपेक्षा जास्त फुगवून दाखवतं.