वजनं सारखी, तरी झाड एकच

समान वजनाच्या कडा दिसल्या की 'किमान विस्तार-वृक्ष एकमेव नाही' असं लगेच लिहू नकोस. हा वृक्ष म्हणजे आलेखातले सगळे बिंदू कमीत कमी एकूण वजनात जोडणारं झाड. हा आलेख घे, कडा आणि त्यांची वजनं: अब ३, बक ३, अक ५, कड ५. रिव्हर्स-डिलीटमध्ये, म्हणजे आलेख न तोडता एकेक कड काढत जाण्याच्या पद्धतीत, जड कडेपासून सुरुवात कर. कड काढली तर ड तुटतो, म्हणून ती ठेव. अक मात्र अबक चक्रातली एकटी सर्वांत जड कड, ती कुठल्याच किमान वृक्षात नसते, काढ. उरलं ११ वजनाचं एकमेव झाड.

आता अब ५ कर. त्याच चक्रात दोन पाच आले, त्यातली कुठलीही काढता येते: १३ वजनाची दोन झाडं. म्हणून झाडाबाहेरची प्रत्येक कड जोडून बघ; तिच्या चक्रात तिच्याएवढी दुसरी कड सापडली, तरच एकमेवपणा मोडतो.