मघाशी शून्य म्हणालात, आता २०,८००?

> खराडीला टॅक्स रिटर्नच्या चॅट सपोर्टला नवीन लागलेय. कस्टमर आधी एक प्रश्न विचारतो, मग अर्ध्या तासाने तोच प्रश्न एक आकडा बदलून विचारतो. उत्तर वेगळं आलं की म्हणतो, मघाशी तर वेगळं सांगितलंत, नक्की खरं काय? काल एकाने स्क्रीनशॉट पाठवला. अशा वेळी कसं उत्तर द्यायचं?

स्क्रीनशॉटचं वाचून हसू आलं, आमच्याकडेही पुण्यातला कस्टमर असला की तो स्क्रीनशॉट काढून ठेवणारच हे आम्ही गृहीतच धरायचो. मी बरीच वर्षं हेच काम केलं, आता सोडलं. सीए नाही, त्यामुळे खालचे आकडे कस्टमरला देण्याआधी तुमच्या सीनियरकडून बघून घ्या. सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ आणि नव्या रिजीमचे आहेत. स्लॅब तुम्हाला माहीत असणारच, ते सांगत बसत नाही.

नेहमी होणारी केस घेऊ. कस्टमर विचारतो, पगार १२,७५,०००, टॅक्स किती? स्टँडर्ड डिडक्शनचे ७५,००० गेले, राहिले १२ लाख, स्लॅबने ६०,००० होतात आणि रिबेट तेवढाच मिळतो, म्हणून शून्य. तुम्ही लिहिता "टॅक्स शून्य". मग तो फॉर्म १६ शोधायला जातो, परत येतो आणि लिहितो, "आणि त्यात एक लाख शेअरचे असतील तर?"

सगळी मेख त्या "त्यात" मध्ये आहे. एक अर्थ असा की एकूण १२,७५,००० च आहेत, फक्त त्यातले एक लाख शेअरचे, म्हणजे पगार ११,७५,०००. दुसरा अर्थ असा की पगार आहे तेवढाच आहे आणि हे एक लाख त्याच्यावर. माणसं दोन्हीसाठी हेच वाक्य टाइप करतात. शेअर बारा महिन्यांच्या आत विकलेत असं धरू (हेही विचारायचंच, वर ठेवलेले असतील तर गणित वेगळं) आणि दोन्ही करून बघू.

पहिल्या अर्थाने पगाराचे ११ लाख उरतात, त्यावर स्लॅबने ५०,०००. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या वर गेलेलं नाही, म्हणून ते ५०,००० रिबेटमध्ये पूर्ण माफ. पण शेअरच्या शॉर्ट टर्म नफ्यावरच्या २० टक्के टॅक्सला हा रिबेट लागू नाही, तिथे २०,००० लागले, सेस धरून २०,८००.

दुसऱ्या अर्थाने एकूण उत्पन्न १३ लाख झालं. १२ लाखांची रेषा ओलांडली म्हणून रिबेट सगळाच गेला, पगारावरचे ६०,००० परत आले आणि नफ्याचे २०,००० वेगळे. ८०,००० वर सेस, ८३,२००. मार्जिनल रिलीफही नाही, कारण टॅक्स ८०,००० आहे, म्हणजे उत्पन्न रेषेच्या वर जे एक लाखाने गेलंय त्यापेक्षा कमीच.

म्हणजे शून्य, २०,८०० आणि ८३,२००, तिन्ही बरोबर, फक्त तीन वेगवेगळ्या माणसांची. म्हणून आकडा टाकायच्या आधी एकच प्रश्न विचारा, "हे एक लाख १२,७५,००० मधलेच का त्याच्यावरचे?" अर्ध्या मिनिटाचं काम, पण लोक हे टाळतात कारण चॅट लांबली की त्यांचा टाइम खराब दिसतो.

मग उत्तर. मी साधारण असं लिहायचो: "मघाचं शून्य सगळी रक्कम पगाराची धरून होतं आणि त्या केसला ते आजही बरोबर आहे. आता त्यातले एक लाख शेअरच्या शॉर्ट टर्म नफ्याचे आहेत. त्या नफ्यावर रिबेट मिळत नाही, म्हणून सेससह २०,८००. पगारावरचा टॅक्स अजूनही शून्यच आहे." शेवटचं वाक्य गाळू नका, जुन्या उत्तरातलं काय टिकलं ते माणसाला त्यातून दिसतं. आणि सुरुवात "नाही सर, तसं नाही" अशी तर अजिबात नको. तो "नाही" मघाच्या बरोबर उत्तरालाच जाऊन लागतो आणि मग पुढची वीस मिनिटं तेच निस्तरत बसायचं.

खरं तर पहिलं उत्तर देतानाच "सगळा पगार धरून" एवढे तीन शब्द टाकले असते तर निम्मं भांडण झालंच नसतं. नुसतं "शून्य" लिहिलं की ते माणसाला कायमचं वचन वाटतं.

आणि आता आमची क्वालिटी टीम. कंपनीचं नाव घेत नाही, पुण्यातलीच. त्यांच्या शीटवर एक रकाना होता, एका चॅटमध्ये एकाच प्रश्नाला दोन उत्तरं दिसली की मार्क कापायचे. मधला बदललेला तपशील ऑडिट करणारा वाचायचाच नाही, तो फक्त आकडे जुळतात का बघायचा. परिणाम काय, तर पोरं मार्क वाचवायला दुसऱ्यांदाही "मघाशी सांगितल्याप्रमाणे" असं लिहून शून्यच ठोकायला लागली, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तीच माणसं रिटर्न भरायला बसल्यावर टॅक्स निघतोय म्हणून ओरडत परत यायची, तेव्हा शिव्या खायला आम्ही. मी मेल केले, मीटिंगमध्ये बोललो, उत्तर ठरलेलं, "कन्सिस्टन्सी इज इम्पॉर्टंट". माझं इन्सेंटिव्ह त्या रकान्यात किती गेलं ते आठवलं की आजही डोकं फिरतं. तुमच्याकडे असा रकाना असेल तर बदललेला तपशील चॅटमध्ये स्वतःच्या शब्दांत लिहायचाच, वाद घालायला तेवढाच कागद हातात राहतो.

उलटही होतं. तोच माणूस विचारेल, "ऑक्टोबरमध्ये नोकरी बदलली असेल तर?" दोन्हीकडचा मिळून पगार १२,७५,००० च असेल तर टॅक्स शून्यच. ७५,००० एकदाच वजा होतात, दोन्ही कंपन्यांनी धरले असतील तरी. इथे नुसतं "सेमच" म्हणून सोडू नका, तपशील वाचलाय हे दिसू द्या: "नोकरी बदलल्याने फरक नाही, टॅक्स वर्षाच्या एकूण पगारावर लागतो." आणि आकडा दोन्ही वेळा एकाच पद्धतीने. एकदा "वीसेक हजार" आणि नंतर "२०,८००" लिहिलं की सेस माहीत नसलेल्या माणसाला ती दोन उत्तरं वाटतात. पहिल्यापासून सेस धरूनच सांगत जा.

शिफ्ट बदलताना चॅट हातात आली असेल तर वर स्क्रोल करून आधीच्याने काय धरून उत्तर दिलंय ते बघा, तयार रिप्लाय चिकटवायच्या आधी. आणि वरचं उत्तर खरंच चुकलेलं निघालं, म्हणजे पहिल्याच मेसेजमध्ये शेअरचा नफा लिहिला होता आणि तरी शून्य सांगितलंय, तर "आता तपशील बदलला" असं अजिबात म्हणू नका. स्क्रीनशॉट त्याच्याकडे आहे. सरळ लिहा, वरचं उत्तर चुकलं होतं, नफा धरायचा राहिला, बरोबर आकडा हा.