रोहू खाऊनही गांधी का उठल्या?

"माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला वाळलेल्या झिंग्यांची भाजी खाऊन ओठाला सूज आली, अंगभर गांधी उठल्या. पंधरा दिवसांनी तळलेल्या रोहूचा तुकडा दिला, तर पुन्हा तेच. आता त्याला मासेही कायमचे बंद करायचे का?"

भंडारा जिल्ह्यातल्या तलावाकाठच्या गावातून आलेल्या या ताईंना मी आधी एवढेच विचारले, की झिंग्यांचा त्रास होण्यापूर्वी मुलाने रोहू कधी खाल्ला होता का. तो दर आठवड्याला खात असे आणि त्याला कधीच काही झाले नव्हते, असे त्या म्हणाल्या. मग त्या दिवशीचा स्वयंपाक क्रमाने सांगायला लावला, तेव्हा कळले की घरातल्या इतरांसाठी त्याच कढईत आधी झिंगे तळले होते आणि उरलेल्या तेलात रोहूचे तुकडे सोडले होते.

झिंगे आणि मासे दोन्ही पाण्यातले असले, तरी अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने ते वेगळे आहेत. झिंग्यांची अ‍ॅलर्जी बहुधा त्यांच्या स्नायूंतील ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते, तर माशांची बहुतेक वेळा पार्व्हाल्ब्युमिन या निराळ्या प्रथिनामुळे. ट्रोपोमायोसिन माशांतही असते, पण त्याची घडण इतकी वेगळी असते की झिंग्यांविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे त्याला सहसा ओळखत नाहीत. दोन्हींची अ‍ॅलर्जी असलेली माणसे असतात, परंतु एक आहे म्हणून दुसरी असेलच, असे होत नाही. झिंग्यांतील हे प्रथिन उष्णतेनेही सहज नष्ट होत नसल्यामुळे उकळत्या तेलातूनही ते रोहूच्या तुकड्याला लागू शकते.

हा मात्र अंदाजच होता, आणि घरी थोडा रोहू देऊन पाहण्याचा सल्ला मी कधीच देत नाही. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी त्वचाचाचणी केली, तेव्हा झिंगा आणि खेकडा या दोन्हींच्या जागी फोड उठला, रोहूच्या जागी उठला नाही. त्यानंतर रुग्णालयातच, तातडीचे उपचार हाताशी ठेवून, रोहू चिमटीएवढ्या तुकड्यापासून वाढवत नेहमीच्या प्रमाणापर्यंत दिला गेला आणि मुलाला काहीही झाले नाही.

खेकड्याने मात्र ताई गोंधळल्या, कारण मुलाने खेकडा कधी चाखलाही नव्हता. झिंगा आणि खेकडा यांचे ट्रोपोमायोसिन इतके सारखे असते की एकाविरुद्धची प्रतिपिंडे पुष्कळदा दुसऱ्यालाही चिकटतात. घरातील धुळीतल्या सूक्ष्म किडींतही या प्रथिनाचा जवळचा भाऊबंद असतो, त्यामुळे नुसत्या चाचणीतल्या फोडावरून खेकडा बाधेलच असे सिद्ध होत नाही. तरी झिंग्यांनी ओठ सुजलेल्या मुलाच्या बाबतीत तो टाळणेच आम्हाला योग्य वाटले.

आता त्या घरी रोहूची कढई आणि तेल वेगळे असते. मासा अख्खाच आणून घरच्या विळीवर कापतात, कारण बाजारातल्या विळीवर आधी काय कापले गेले, ते कळत नाही. सुक्या मासळीत बारीक झिंगे मिसळलेले असू शकतात, म्हणून ती मुलाला देत नाहीत. चुकून झिंगा पोटात जाऊन श्वास लागला किंवा चक्कर आली, तर गोळी देऊन वाट पाहायची नाही, लगेच मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन मिळेल तिथे न्यायचे, हे मी ताईंना कागदावर लिहून दिले आहे.