गैरहजेरीच्या पत्रात तारखा का हव्यात

"मुलगा काही दिवस शाळेत गेला नाही. वर्गशिक्षकांना द्यायला पत्र लिहून द्या," असं एखादा पालक सांगतो, तेव्हा मी विचारते:

किती दिवस, कशामुळे, कुठली तुकडी, हे तुमच्याशिवाय कोण भरणार? पत्रात खरं काम तेवढंच असतं, बाकी मायना कुणालाही येतो.

२०२४ च्या जुलैत माझ्या मुलीला कांजण्या आल्या. ती पाचवीत होती. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळेत पाठवायचं नाही, असं आमच्या इंदिरानगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. ११ ते २० जुलै ती घरी होती. पत्र भाऊजींनी लिहिलं. "काही घरगुती कारणामुळे पाल्य थोडे दिवस येऊ शकली नाही, तरी रजा मंजूर व्हावी." वर नुसतं "मा. वर्गशिक्षक". मी म्हटलं, कांजण्या लिहा, तारखा लिहा. ते म्हणाले, "वहिनी, कागदावर जितकं कमी, तितकं बरं."

तिच्या बाईंची तुकडी त्याच आठवड्यात बदलली होती. पत्रावर तुकडी नाही, हजेरी क्रमांक नाही, त्यामुळे ते जुन्या बाईंच्या कपाटातच राहिलं. १६ तारखेला गणिताची घटक चाचणी झाली. फेरचाचणी फक्त आजारी मुलांसाठी होती, आणि आमच्या कागदावर आजाराचा शब्दच नव्हता. मी डॉक्टरांचा दाखला घेऊन गेले, तोवर फेरचाचणी होऊन गेली होती. गुणपत्रिकेत गणितापुढे "अनु." आलं. ती पोर दप्तर न उतरवता दारातच रडत उभी राहिली.

शिवाय तिच्या बाकावरच्या मुलीलाही नंतर कांजण्या आल्या. कांजण्या अंगावर पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. शाळेला वेळेवर कळलं असतं, तर तिच्या आईला निदान लक्ष ठेवता आलं असतं. ते मला अजून लागतं.

तेव्हा असं लिहा: "माझी मुलगी, इयत्ता ५ वी ब, हजेरी क्र. २३, कांजण्यांमुळे दि. ११ ते २० जुलै शाळेत येऊ शकली नाही. १४ ला रविवार व १७ ला आषाढीची सुट्टी वगळता शाळेचे ८ दिवस बुडाले. दि. १६ ची घटक चाचणी राहिली आहे, ती पुन्हा घ्यावी. सोबत डॉक्टरांचा दाखला." खाली पालकाची सही आणि तारीख. दाखल्यावरच्या आणि पत्रातल्या तारखा जुळल्याच पाहिजेत. बाईंचं नाव माहीत नसेल तर अडत नाही, तुकडी मात्र लागतेच. शाळेच्या डायरीत रजेचं पान असेल तर त्यावरच लिहा.

कारण अगदी खाजगी असेल, घरातलं भांडण किंवा मुलाला चारचौघांत कळू नये असं दुखणं, तर "वैद्यकीय कारण" किंवा "कौटुंबिक अडचण, प्रत्यक्ष भेटून सांगते" एवढं पुरे. भाऊजींचं म्हणणं तेवढ्यापुरतं मी मान्य करते. तारखांच्या बाबतीत नाही.